पंगतीत घेतलेलं नाव

“अडचण नाही ना तुम्हाला?” देवणीकरकाकूंनी विचारलं, आणि मी पटकन “नाही” म्हणून बसले.

तेवढं एक ‘आहे’ म्हणाले असते तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. बावीस वर्षं नर्सची नोकरी केली, बायकांची पाळी विचारण्यात जन्म गेला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा जीभ खरं बोलून मोकळी. अशा वेळी खरं बोलायची अवदसा कुठून आठवते कोण जाणे.

मी मुलीला भेटायला आले होते आणि तिच्या घरमालकीण, या काकू, जिन्यात उभ्या होत्या. मागे त्यांच्या दिवाणखान्यात महालक्ष्म्या बसल्या होत्या, म्हणजे उभ्याच होत्या, जरीच्या साड्यांत, मुखवटे घालून, वरती करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला. काकूंच्या कपाळावर घाम आणि पीठ दोन्ही.

“लई बरं झालं बघा, देवीनंच तुम्हाला धाडलं. उद्याची एक सवाष्ण बाहेर बसली हो ऐन वेळी. आता कुठं शोधू म्हणून राहिले होते. आपल्यातलीच पाहिजे ना! तुम्ही इनामदार. उद्या दुपारी जेवायला या. मनूलाही आणा.”

मी हसले. हो म्हणाले असेन. जिना चढून मुलीच्या खोलीत आले तेव्हा दाराची कडी काही केल्या लागेना.

आता आपल्यातली म्हणजे काय, ते सांगते. माझं नाव बुद्धप्रिया. माहेर चाकूरचं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब यांच्याशिवाय भिंतीवर तिसरा फोटो नाही. गौरी-गणपतीची पूजा करणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतली ओळ मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती. माझा नवरा खाजा. खाजा इनामदार, मूळ नांदेडचा, मुसलमान. लोह्यात पाण्याच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचं दुकान आहे त्याचं, आणि मी तिथल्याच सरकारी दवाखान्यात. लग्न रजिस्टर पद्धतीने. ना मी धर्म बदलला, ना त्याने. तेव्हा फार अभिमान वाटला होता आम्हाला. पोरं झाल्यावर कळलं, की आपण नाही बदललं तरी पोरांना रोज कुणीतरी विचारतं, आणि रोज काहीतरी सांगावं लागतं.

इनामदार हे आडनाव मोठं गमतीचं. ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे, मुसलमानांतही आहे. निजामाच्या काळात ज्याला इनाम मिळालं तो इनामदार.

जूनमध्ये आम्ही मायलेकी लातुरात खोली शोधत फिरलो होतो. मनतशाला, म्हणजे मनूला, डॉक्टर व्हायचंय, पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं, म्हणून क्लासला आणलेलं. पहिल्या दारात मी पूर्ण नाव सांगितलं. मालक म्हणाला, “खोली कालच गेली की.” खोली रिकामी होती, खिडकीतून दिसत होती. दुसऱ्या दारात मी हुशारी केली. म्हटलं आम्ही जयभीमवाले. मालकीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, “आम्ही तसं काही मानत न्हाई हो, पण बाकीच्या पोरींच्या घरचे मानतात ना.” तिसऱ्या दारात मी थकून गप्प बसले, आणि मनू म्हणाली, “मी मनतशा इनामदार.”

“मनतशा? नवीनच नाव आहे. हल्ली पोरींची नावं कायबी ठेवतात,” देवणीकरकाकू म्हणाल्या. माझी टिकली पाहिली, गळ्यातली काळी पोत पाहिली. “इनामदार म्हंजे लोह्याचे का? आमची एक आत्या दिलीय इनामदारांत. या, या, आत या. नॉनव्हेज चालत न्हाई बरं का.”

खोटं कुणी बोललंच नाही. सगळं काकूच बोलल्या.

टिकली मी दवाखान्यात लावते ती सवयीने, आणि खरं सांगायचं तर भीतीने. टिकली असली की पेशंटचे नातेवाईक दुसरा प्रश्न विचारत नाहीत. काळी पोत तर आमच्यात, खाजाच्यात, काकूंच्यात सगळ्यांच्याच गळ्यात. तेवढ्यावर तीन महिने निघाले. मनूच्या टेबलावर पाढ्यांच्या तक्त्यासारखी रसायनाची सूत्रं चिकटवलेली. भिंतीवर एक फोटो नाही. कुठला लावणार?

मी सांगितलं तेव्हा मनू पुस्तकावरून उठलीच नाही.

“आई, अडचण आहे म्हणायचंस ना.”

“सुचलं नाही गं.”

“तू नर्स आहेस.”

“हो, आहे. ओरड आता.”

तिने पेन ठेवलं. माझी मुलगी दोघांवर गेलीय, रंगाने माझी आणि नाकाने खाजाची. चाकूरला गेली की शेजारणी म्हणतात, अगदी सरजाबाईची नात शोभते. नांदेडला गेली की दादी म्हणते, हूबहू हमारी सालेहा. सरजाबाई म्हणजे माझी आई, सालेहा म्हणजे तिची आत्या. दोन्हीकडे ती मान हलवते. लहानपणी गंमत वाटायची तिला. चाकूरला त्रिसरण म्हणायची, नांदेडला ईदेला दुपट्टा घेऊन सलाम करत फिरायची. सहावीत असताना एका बाईंनी वर्गात हात वर करायला लावले, अमुक धर्माचे कोण, तमुकचे कोण. मनूने दोनदा हात वर केला. बाईंनी तिला पुढे बोलावून विचारलं, “चेष्टा करते का?” त्या दिवसापासून ती वर्गात हात वर करायची बंद झाली.

“क्लासमध्ये काय सांगतेस?” मी विचारलं. इतक्या महिन्यांत कधी विचारलं नव्हतं. भीतीच वाटायची.

“इनामदार सांगते. मग पोरी अंदाज लावतात. एकीला मी पंजाबी वाटले, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याजवळची. महामाया म्हणून आहे एक, तिला कळलं तुझं माहेर. ती जयभीमवाल्या पोरींत घेऊन गेली. चांगल्या आहेत त्या. पण एक म्हणाली, तू अर्धी आमची. मुस्लिम पोरींनी विचारलं रोजे धरतेस का, मी म्हटलं दादीकडे असले की धरते. तर म्हणे, मग नावाचीच.” ती हसली, पण हसण्यासारखं काही नव्हतं. “सगळ्यांना टक्के पाहिजेत आई. मी कुणाला पुरत नाही.”

“साद तर सरळ सांगतो, मी मुसलमान.”

“दादाचं वेगळं. त्याला आठवीतच पोरांनी ठरवून दिलं ना. तो म्हणतो, लोक जे म्हणून मारणार तेच आपण म्हणावं, निदान मार तरी आपल्या नावाचा पडतो.”

हे माझा मोठा मुलगा माझ्याशी कधी बोलला नव्हता. तो हैदराबादला असतो, दाढी ठेवतो, जुम्म्याला जातो. मी समजत होते की त्याला बापाचा धर्म आवडला. पोटची पोरं काय विचार करून काय होतात, आईला शेवटी कळतं.

मनूसाठी मी जातीचा दाखला काढायचा प्रयत्नही करून पाहिला होता. नवबौद्ध म्हणून. कारकून म्हणाला, पोरगी बापाकडनं जाते, बाप मुसलमान, विषय संपला. वकील म्हणाला, संपत नाही, पोर आईच्या समाजात वाढली, त्या समाजानं तिला आपली मानली, त्या समाजाचे भोग तिने भोगले, हे सिद्ध करता आलं तर मिळू शकतं, पण घरी चौकशी येईल, गल्लीत विचारतील. मनूने मला थांबवलं. “म्हणजे अब्बांकडे आपण कधी जातच नाही, असं सांगायचं का?” आणि ती खुल्या प्रवर्गातूनच परीक्षेला बसली. त्या वेळी मी फार चिडले होते तिच्यावर. हट्टी मेली, म्हटलं. अजूनही म्हणते, पण आता हळू.

खाजाला फोन लावला. मागे मोटारीचा आवाज.

“बुला रै तो जाके खाना खाओ. पुरनपोली मिलती,” तो म्हणाला. मग आवाज खाली आला. “सुन. मेरा नाम पूछे तो कुछ भी बोल दे. मेरा नाम नक्को ले. पोरीचं वर्ष आहे.”

इतकं सहज म्हणाला, की मला रडू आलं आणि रागही आला. खालच्या मजल्यावर शेषेरावकाका, म्हणजे काकूंचे यजमान, मोठ्याने मोबाइल वाचत होते. “गल्लीच्या ग्रुपवर टाकलंय बघ. भाडेकरू कोण, कुठला, खात्री करा म्हणे. पोरं स्वतः येऊन बघून जाणार हायत.” काकू म्हणाल्या, “आपली पोरगी चांगल्या घरची हाय. येऊ द्या.”

मनूने माझ्याकडे पाहिलं. मी दिवा घालवला, जणू अंधारात आम्हाला कुणी ओळखणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली गेलो. पळून जायचे दहा बेत मी केले होते. एसटी सुटेल, दवाखान्यातून फोन आला, पोट बिघडलं. पण सवाष्ण ऐन वेळी गेली तर काकू कारण शोधणार, कारण शोधताना नाव शोधणार. बसणं कमी धोक्याचं वाटलं.

पाट मांडले होते, केळीची पानं, रांगोळी. आणखी दोन सवाष्णी होत्या. एक शेजारच्या, आणि दुसऱ्या काकूंच्या नणंद, काकू रेणुकावन्सं म्हणायच्या त्यांना, वजनदार बाई, सगळ्यांचं कूळ-मूळ तोंडपाठ. मनू शेवटच्या पाटावर.

काकू परात घेऊन आल्या आणि माझ्यासमोर खाली बसल्या. मला कळेना काय करतायत. त्यांनी माझा पाय उचलून परातीत ठेवला आणि तांब्याने पाणी घातलं.

सवाष्णीचे पाय धुतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण माझे? माझ्या आजीने चाकुरात देवणीकरांसारख्यांच्या अंगणाबाहेर उभं राहून ओंजळीत पाणी घेतलेलं आहे. आणि या काकूंनी तेच पाणी माझ्या पायावर घातलं, पदराने पुसलं, बोटांवर हळद लावली, कुंकू लावलं. मला वाटलं आता मी इथेच ओरडते. भीतीने माझे तळवे इतके गार पडले होते की काकू म्हणाल्या, “अगंबाई, पाय किती गार तुमचे! वारा लागला का?”

वाढप झालं. पुरण, कटाची आमटी, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, ज्वारीची आंबील. मी पहिल्या घासाला हात घातला आणि रेणुकावन्सं म्हणाल्या, “थांबा थांबा. नाव घेतल्याशिवाय घास कसला? घ्या सगळ्यांनी.”

उखाणा! एवढा विचार केला, आणि हा मेला उखाणा कुणाच्या डोक्यात आला नाही.

शेजारणीने घेतला. मग वन्संनी घेतला, लांबलचक, त्यात काशी, गंगा, सासरे, दीर सगळे येऊन गेले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकूंच्या हातात तुपाची वाटी होती आणि त्या कौतुकाने हसत होत्या.

घरी मी नवऱ्याला नावानेच हाक मारते. ओ खाजा, गॅस लाव. दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारं ते नाव. आता ते जिभेच्या टोकाशी येऊन बसलं आणि मी दात घट्ट मिटले. डोळ्यांसमोर ग्रुपवरचा तो निरोप, गल्लीतली पोरं, मनूची वही-पुस्तकं रस्त्यावर. आणि मग जे पहिलं सुचलं ते बोलले.

“सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील आहे वाटीत,
उमाशंकररावांचं नाव घेते देवणीकरांच्या पंगतीत.”

“वा वा!” वन्सं म्हणाल्या. “लगेच जुळवला की!”

उमाशंकर हा आमच्या दवाखान्यातला वॉर्डबॉय आहे. तंबाखू खातो आणि सलाइनच्या बाटल्या मोजायला चुकतो. दुसरं नावच आठवलं नाही मला.

मी पोळीचा तुकडा मोडला. सुटले, असं वाटलं. काकूंनी त्यावर तूप घातलं. आणि शेवटच्या पाटावरून मनूचा आवाज आला, अगदी साधा, क्लासमध्ये उत्तर देतात तसा.

“काकू, माझ्या अब्बांचं नाव उमाशंकर नाही. खाजा आहे.”

तुपाची धार माझ्या पानावर पडतच राहिली, मग काकूंनी वाटी सरळ केली.

“काय म्हणाली ही?” वन्संनी काकूंना विचारलं.

“माझी आई बौद्ध आहे,” मनू म्हणाली. ती आता थांबत नव्हती. “अब्बा मुसलमान आहेत. मी दोघांची आहे. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. खोली जाईल म्हणून. आईला सगळ्यांनीच घाबरवून ठेवलंय.”

रेणुकावन्संनी पान पुढे सरकवलं. “शिव शिव शिव. महालक्ष्मीपुढं! अगं वैनी, उठव त्यांना आधी. पाय धुतलेस तू त्यांचे?”

मी उठायलाच लागले होते. एक हात जमिनीला टेकला, दुसऱ्याने मनूला खूण केली. दार कुठल्या बाजूला, चपला कुठे, बाहेर गल्लीत कोण आहे, एवढंच डोक्यात होतं. मनूला ओढून पळायचं, सामान गेलं खड्ड्यात.

“बसा,” काकू म्हणाल्या.

मी तशीच अर्धवट वाकलेली.

“बसा म्हणते ना. भरल्या पानावरून सवाष्ण उठवत न्हाईत. या घरात आजवर कुणी उठवली न्हाई.” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला ओळखता आलं, कारण सकाळपासून तेच माझ्या डोळ्यांत होतं. त्याही घाबरल्या होत्या. देवीला, नणंदेला, गल्लीला, कुणाकुणाला. “पण मला एक सांगा इनामदारबाई. नवरा जिवंत आहे ना तुमचा?”

“हो.”

“मग जित्या नवऱ्याचं नाव टाकून दुसऱ्याच पुरुषाचं नाव घेतलं तुम्ही? सवाष्ण म्हणून पाटावर बसून? माझ्या देवीपुढं?” त्यांचा आवाज चढला. “हे कसं जमलं तुम्हाला? जीभ कशी वळली?”

मला वाटलं होतं त्या बाटलं म्हणतील, जात काढतील. त्याची मी तयारी ठेवली होती, चाळीस वर्षांपासून ठेवलेली आहे. हे मात्र कुठूनतरी भलतीकडून आलं आणि वर्मी लागलं. कारण खरंच होतं ते. काल फोनवर तो स्वतःच म्हणाला होता, माझं नाव घेऊ नको, आणि मी घेतलं नाही.

“वैनी, अगं काय विचारत बसलीस?” वन्सं म्हणाल्या.

“तुम्ही थांबा जरा.” काकू माझ्यासमोर तशाच उभ्या. “खरं नाव घ्या आता. घेतल्याशिवाय मला तुमची ओटी भरता येणार न्हाई, आणि ओटी न भरता तुम्हाला पाठवता येणार न्हाई. घ्या.”

उखाणा काही सुचला नाही. यमक कुठून आणू? मनू माझ्याकडे बघत होती.

“खाजा,” मी म्हणाले. “खाजामियाँ इनामदार. माझे मिस्टर.”

पहिल्यांदा इतक्या बायकांत ते नाव मी पूर्ण उच्चारलं. दवाखान्यातसुद्धा ‘साहेब’ म्हणते. एवढंसं नाव, पण बोलून झाल्यावर मला रडू आवरेना. डोळे पुसायला हात खरकटा, म्हणून तशीच रडत बसले.

मग आम्ही जेवलो. म्हणजे पानातलं संपवलं. वन्सं उठून माजघरात गेल्या होत्या, शेजारीण खाली मान घालून भात चिवडत होती. काकू वाढत होत्या. पोळी वाढली, आंबील विचारली. मनूच्या पानात त्यांनी भजी टाकली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. एकेक घास मी पाण्याने उतरवला. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज झाला की माझा हात थांबायचा.

शेवटी काकू करंडा घेऊन आल्या. माझ्या कपाळापाशी त्यांचं बोट क्षणभर अडलं, मग टिकलीच्या वर कुंकू लावलं. ओटीसाठी तांदूळ, खोबऱ्याची वाटी, खण हातात घेतला. मी प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली. खण घ्यावा की नाही मला कळेना, पण त्या ओंजळ धरून थांबल्या होत्या, म्हणून मी पदर पुढे केला. आई सरजाबाई ओरडेल तेव्हा ओरडेल.

“आता ऐका,” त्या हळूच म्हणाल्या. “खोली सोडावी लागेल. आजच. संध्याकाळी पोरं येणार हायत ग्रुपमधली. वन्सं गप बसायच्या न्हाईत. मला तोंड देता यायचं न्हाई.” मग, जणू कुणीतरी त्यांना विचारलं होतं, “मी वाईट बाई नाही हो.”

“हो काकू,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वर येऊन आम्ही सामान बांधायला घेतलं. मी मनूवर बरसले. थोबाडीत मारायला हात उचलला होता, मारली नाही. “कुणी सांगितलं होतं तुला? वर्ष वाचलं असतं, आता जाईलच! उद्या कुणी रस्त्यात अडवलं, तर? तुला काय वाटतं, तिथेही पाय धुणार आहेत का तुझे?”

“तू दुसऱ्याचं नाव घेतलंस,” ती म्हणाली, पुस्तकं दोरीने बांधता बांधता. “मला एवढंच ऐकवलं नाही. मी काय आहे ते मला नीट माहीत नाही, आई. पण मी उमाशंकरची नाही, एवढं माहीत आहे.”

मी गादी गुंडाळली. चाकूरला माझ्या भावाला, आनंदराजला फोन केला. तो म्हणाला, “आण की पोरीला. एसटीनं रोज जाईल क्लासला. आपलीच लेक हाय ती.” आणि मग, थोडं अडखळून, “फक्त इथं कुणी इचारलं तर बुद्धच सांग म्हणावं. वस्तीत उगं चर्चा नको.” मी हो म्हणाले. मनूने ऐकलं होतं. तिने दोरीला अजून एक गाठ मारली.

माझा फोन गेल्यावर खाजा चार वाजता लोह्याहून टेम्पो घेऊन आला. दुकानातला शर्ट तसाच, बाहीला ऑइलचे डाग. इतक्या महिन्यांत तो या घराच्या पायरीवर चढला नव्हता, कोपऱ्यावर थांबायचा. आज जिन्यात आला आणि नेमके शेषेरावकाका दारात उभे. कोपऱ्यावर तीन पोरं मोटारसायकलला टेकून इकडेच बघत होती. मी हातात बादली घेऊन वरच्या पायरीवरच थांबले.

“कोण पाहिजे?” काकांनी विचारलं.

खाजाने त्या पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोकं जरा खाली घातलं.

“मी टेम्पोवाला, साहेब,” तो म्हणाला. “सामान न्यायला आलोय.”

मनू ट्रंक ओढत माझ्या शेजारून खाली उतरली. ट्रंकेचं एक टोक तिने पायरीवर टेकवलं.

“अब्बा, जड आहे,” ती मोठ्याने म्हणाली, कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “त्या बाजूने तुम्ही धरा.”

खाजाने हात शर्टाला पुसले आणि ट्रंकेची कडी धरली. दोघं एकेक पायरी उतरत टेम्पोकडे गेले. मी बादली घेऊन त्यांच्या मागे चालू लागले.